‘कुठेतरी हरवली’ असं लिहिलं की दावा अडतो
(लिहू या, वाचू या : अर्ज आणि पत्रांचा पाठ)



मागच्या पाठात आपण बँकेला खात्यातली चूक कळवण्याचं पत्र पाहिलं. यावेळी पत्र विमा कंपनीला आहे. प्रवासात सोन्याची अंगठी हरवली, तिचा विमा होता, तर भरपाई मागणारं पत्र कसं लिहायचं, पुरावे कोणते जोडायचे आणि किंमत कशी मांडायची, ते पाहू. हे पुस्तकातलं उदाहरण नाही. आपल्याच महासंघातल्या एका मावशींवर ही वेळ आली. त्यांनी आधी एक पत्र लिहिलं, ते अडलं. मग आम्ही दोघींनी बसून दुसरं लिहिलं. दोन्ही पत्रं इथे छापायला त्यांनी परवानगी दिली आहे, फक्त नाव-गाव नको म्हणाल्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर वाचून झाल्यावर सगळ्या जणी मला फोन कराल. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात. तो प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा हप्ता. तो अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे, त्यात दागिना येत नाही. रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना काही पैशांत जो विमा मिळतो, तोही माणसाचा, सामानाचा नाही. २०२१ पासून सगळ्या कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ नावाची घराची पॉलिसी देतात. ती मुळात आग, पूर, वादळ अशा आपत्तींसाठी आहे. एसटीत हरवलेली अंगठी तिच्यात बसत नाही. काही सराफ दागिना घेताना एक वर्षाचा विमा देतात, त्याच्या अटी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, म्हणून कागद वाचावाच लागतो.

मग अशी भरपाई मिळते कशातून? घराच्या पॅकेज विम्यात दागिन्यांचा एक वेगळा भाग असतो. त्याला ‘ऑल रिस्क’ म्हणतात. त्यात प्रत्येक दागिन्याचं वर्णन आणि रक्कम लिहिलेली असते, आणि दागिना घराबाहेर असला तरी संरक्षण चालू राहतं. मावशींचं घर त्यांच्या नावावर आहे. घराचं कर्ज झालं तेव्हा बँकेतून हा विमा निघाला आणि तोही त्यांच्याच नावावर. त्या वेळी एजंटने विचारलं, दागिने लिहायचे का? मावशींनी एक मंगळसूत्र आणि एक अंगठी लिहवली. त्या एका ओळीमुळे पुढचं सगळं शक्य झालं.

आता काय घडलं ते सांगते.

७ फेब्रुवारी २०२५, माघी एकादशीच्या आदल्या दिवशी मावशी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन जतहून पंढरपूरच्या एसटीत बसल्या. बोट सुजल्यामुळे अंगठी रुतत होती. त्यांनी ती काढली, रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून बांधली आणि रुमाल कमरेच्या बटव्यात ठेवला. वाटेत नातवाला बस लागली. त्याला उलटी झाली. घाईत तोच रुमाल बाहेर निघाला. सांगोला स्टँडवर गाडी थांबली तेव्हा शेजारच्या सीटवरच्या बाईने, ती वारीत फुगे आणि पिपाण्या विकायला निघाली होती, तिने नातवाला मांडीवर घेतलं आणि मावशी नळावर जाऊन रुमाल धुऊन आल्या. गाडी सुटली. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर हात बटव्याकडे गेला. रुमाल होता, गाठ सुटलेली होती, अंगठी नव्हती.

कंडक्टरने सीटखाली बघितलं, प्रवाशांनी पाय उचलले, पण काही मिळालं नाही. पंढरपूरला उतरल्यावर मावशींनी वाहतूक नियंत्रकाकडे नोंद केली आणि मग पोलिसांकडे गहाळ वस्तूची नोंद करून त्याची प्रत घेतली. एवढ्या गर्दीत, लहान मुलाला घेऊन, त्यांना हे सुचलं. मला सुचलं असतं का, शंकाच आहे.

ही अंगठी त्यांनी २०२३ च्या दिवाळीत घेतली होती. जुन्या कानातल्यांची मोड घातली आणि गटाकडून ९,००० रुपये अंतर्गत कर्ज काढलं. ते दुधाच्या पैशातून फेडलं. दरवर्षी जूनमध्ये बियाण्याला पैसे लागतात, तेव्हा दुकानदाराची उधारी नको, अंगठी गहाण ठेवून बँकेतून उचलू, असा त्यांचा हिशेब होता. अंगठी गेली म्हणजे पेरणीचे पैसे गेले.

परत आल्यावर त्यांनी विमा कंपनीला जे पहिलं पत्र पाठवलं, ते असं होतं :

“महोदय, मी पंढरपूरला जात असताना माझी सोन्याची अंगठी प्रवासात कुठेतरी हरवली आहे. अंगठी अंदाजे पाच ग्रॅमची होती. आजच्या भावाने तिचे पन्नास हजार तरी होतील. मी गरीब बाई आहे. तरी मला भरपाई मिळावी ही नम्र विनंती.”

पत्रात एकही शब्द खोटा नाही, तरीही आठवड्याने उत्तर आलं. कंपनीने नेमलेल्या सर्व्हेयरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसाने, प्रश्न विचारले होते. नेमकी कुठे आणि केव्हा हरवली? शेवटची कोणी पाहिली? पॉलिसीत वजन ४.५०० ग्रॅम आहे, पोलीस नोंदीत ४.६२० आहे आणि तुमच्या पत्रात पाच आहे, खरं कोणतं? पन्नास हजार कशावरून? कळवायला तीन दिवस का लागले?

मावशी ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “मला खोटी ठरवतायत बघ.” मलाही आधी तसंच वाटलं. पण पॉलिसीची पानं उघडून वाचली तेव्हा कळलं, प्रश्न बरोबर होते. आपलं पत्रच त्यांची उत्तरं देत नव्हतं.

सगळ्यात महागात पडलेला शब्द ‘कुठेतरी’. दागिन्यांच्या विम्यात बहुतेक ठिकाणी एक अट असते : वस्तू गूढपणे नाहीशी झाली, कशी गेली याचं कारणच सांगता येत नाही, तर भरपाई नाही. म्हणजे ‘घरी आल्यावर बघितलं तर नव्हती’ असं लिहिलं की दावा त्या अटीत जाऊन पडतो. पण मावशींची अंगठी गूढपणे गेलीच नव्हती. मी विचारत गेले, त्या आठवत गेल्या. बसमध्ये बसल्यावर गाठ स्वतः मारली. सांगोल्याला उतरेपर्यंत गाठ शाबूत होती, कारण रुमालाचं कोरडं टोक त्यांनी मुठीत धरलेलं होतं. नळावर रुमाल पूर्ण ओला करून दोन्ही हातांनी चोळला, पिळला. त्याच वेळी गाठ सुटली असणार. परत सीटवर बसल्यावर रुमाल थेट बटव्यात गेला. म्हणजे जागा ठरली : सांगोला स्टँडचा नळ. वेळही ठरली, दहा मिनिटांच्या आत. हे कुणी पढवलेलं नव्हतं. त्यांना ठाऊकच होतं, फक्त कागदावर आलं नव्हतं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पत्र लिहायच्या आधी तीन गोष्टी वहीत लिहून काढा : शेवटची केव्हा पाहिली किंवा हाताला लागली, नाही हे केव्हा लक्षात आलं, आणि त्या दोन्हींच्या मधे काय काय केलं. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असंच लिहा. रिकामी जागा भरण्यासाठी गोष्ट रचू नका.

गोष्ट रचण्याचा मोह कसा होतो, तेही सांगते. घरी सगळ्यांनी मावशींना एकच सल्ला दिला : “हरवली म्हणू नका, चोरीला गेली म्हणा. चोरीचे पैसे लगेच मिळतात.” एक नातेवाईक तर म्हणाले, शेजारी ती फुगेवाली होतीच की. मावशी गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मी नळावर असताना माझं पोर तिच्या मांडीवर होतं. तिचं नाव घेऊ?” विषय तिथेच संपला.

पण विम्याच्या बाजूनेही हा सल्ला चुकीचाच आहे. पोलिसांकडे ‘गहाळ’ अशी नोंद आणि कंपनीला ‘चोरी’ असं पत्र गेलं की दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात. दाव्यात मुद्दाम खोटं लिहिलं तर खरं नुकसानसुद्धा भरून मिळत नाही, तशी अटच पॉलिसीत असते. वस्तू पडली किंवा राहिली असेल तर गहाळ नोंद करा. कुणी हिसकावली, बॅग कापली, तर एफआयआर करा. एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येतो, हद्दीबाहेरचा असला तर तो ‘झिरो’ नंबरने घेऊन पुढे पाठवतात. तक्रारदाराला त्याची प्रत फुकट मिळते. रेल्वेत घडलं तर लोहमार्ग पोलिसांकडे जायचं. कंपनीच्या पत्रात शब्द तोच वापरायचा जो पोलिसांच्या कागदावर आहे.

आता वजनाचा गोंधळ. एकाच अंगठीची तीन वजनं कुठून आली? पावती काढून बघितल्यावर उलगडा झाला. अंगठीला पांढरे खडे होते. खड्यांसह एकूण वजन ४.६२० ग्रॅम, खडे ०.१२० ग्रॅम, म्हणून निव्वळ सोनं ४.५०० ग्रॅम. पोलिसांना मावशींनी मोबाईलमधला पावतीचा फोटो दाखवला होता, त्यांनी वरचा आकडा घेतला. पॉलिसीत निव्वळ वजन होतं. आणि पाच ग्रॅम हे बोलण्यातलं वजन, आपण सगळ्याच तसं म्हणतो. पैसे निव्वळ सोन्याचे ठरतात, म्हणून पत्रात दोन्ही वजनं लिहायची आणि फरक कशाचा तेही लिहायचं.

पावतीवर आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती : एचयूआयडी. हा अंक आणि अक्षरं मिळून सहा खुणांचा क्रमांक असतो, दागिन्याच्या आतल्या बाजूला कोरलेला. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. मोबाईलवर BIS Care हे ॲप घेऊन त्यात हा क्रमांक टाकला की दागिना कोणत्या प्रकारचा, किती शुद्ध आणि कुठे तपासला ते दिसतं. मालकाचं नाव दिसत नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून एकटा एचयूआयडी पुरत नाही. अंगठी खरी होती हे त्याने कळतं, आणि ती आपली होती हे पावतीने. मावशींच्या पावतीवर क्रमांक छापलेला होता. तुमच्या पावतीवर नसेल तर दागिना हातात आहे तोवर भिंगातून वाचून पावतीच्या मागे लिहून ठेवा. हरवल्यावर तो वाचणार कसा?

किंमतीचं कोडं थोडं सावकाश समजून घेऊ. पावतीप्रमाणे २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ५,६०० रुपये होता. ४.५०० ग्रॅमचे २५,२०० झाले. घडणावळ १२ टक्के, म्हणजे ३,०२४. दोन्ही मिळून २८,२२४, त्यावर ३ टक्के जीएसटी ८४७ आणि हॉलमार्कचे ५३. एकूण २९,१२४ रुपये. पण मावशींनी रोख दिले होते फक्त ९,१२४, कारण २०,००० ची मोड वजा झाली होती. त्यांना वाटत होतं की आपण नऊच हजार दिले, तर कंपनी म्हणेल अंगठी नऊ हजारांचीच. तसं नसतं. मोड म्हणजेही पैसेच दिले. अंगठीची किंमत पावतीच्या पूर्ण रकमेइतकी. फक्त हे पत्रात समजावून लिहावं लागतं, नाहीतर बँकेतून गेलेली रक्कम आणि पावतीची रक्कम जुळत नाही आणि पुन्हा प्रश्न येतो.

इथे गटाचं दप्तर कामाला आलं. नोव्हेंबर २०२३ च्या बैठकीच्या इतिवृत्तात ‘सोने खरेदीसाठी ९,००० रुपये कर्ज मंजूर’ अशी ओळ होती आणि कर्ज खतावणीत परतफेडीच्या नोंदी. अध्यक्ष आणि सचिवांच्या सही-शिक्क्याने त्या पानांची प्रत जोडली. सर्व्हेयरने ती दोनदा वाचली, असं मावशी सांगतात. ज्या गटांत अजून ‘कारण : घरखर्च’ असंच सरसकट लिहितात, त्या सचिवताईंनी हे जरूर वाचावं.

आता आजचा भाव. हरवलं त्या दिवशी २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ७,९४० च्या आसपास होता. तशीच अंगठी करायची तर सोन्याचेच ३५,७३० आणि घडणावळ, जीएसटी धरून सुमारे ४१,२००. मग ४१ हजार मागायचे का? नाही. पॉलिसीत अंगठीसमोर रक्कम लिहिली होती २९,०००. कंपनी त्याच्या वर जात नाही, भाव कितीही वाढो. शिवाय पॉलिसीत प्रत्येक दाव्यात पहिले ५०० रुपये आपण सोसायचे अशी अट होती. म्हणजे जास्तीत जास्त मिळणार २८,५००. जानेवारीत नूतनीकरण झालं तेव्हा जुनीच रक्कम पुढे गेली, कुणी बघितलं नाही. तेव्हाच चालू भावाने रक्कम वाढवली असती तर हप्ता थोडा वाढला असता आणि आज हा फरक पडला नसता.

काही पॉलिसींत घडणावळ धरत नाहीत, फक्त धातूची किंमत देतात. म्हणून पत्रात सोनं आणि घडणावळ वेगवेगळी दाखवायची. मावशींच्या बाबतीत नुसत्या सोन्याचीच किंमत २९,००० च्या वर गेल्यामुळे त्या वादाचा प्रश्नच आला नाही.

आणखी एक. हरवल्यानंतर कुणी सराफ ‘अंगठी पाहिली, इतक्या किमतीची होती’ असा दाखला देऊ केला तर घेऊ नका. न पाहिलेल्या, न तोललेल्या दागिन्याचं मूल्यांकन होत नाही आणि सर्व्हेयरला ते एका नजरेत कळतं. मात्र ‘एवढ्या वजनाची, एवढ्या शुद्धतेची अंगठी आज करायला इतका खर्च येईल’ असं दरपत्रक चालतं. आम्ही तेच जोडलं.

तर हे दुसरं पत्र. रिकाम्या जागा तुमच्यासाठी सोडल्या आहेत.

दिनांक : २१ फेब्रुवारी २०२५
प्रति,
दावा विभाग, (विमा कंपनीचे नाव व शाखा)
पॉलिसी क्रमांक : ________ दावा क्रमांक : ________
विषय : दागिने विभागात नोंद असलेली सोन्याची अंगठी दि. ७/२/२०२५ रोजी प्रवासात गहाळ झाल्याबाबत दावा व आपल्या प्रश्नांची उत्तरे.

महोदय/महोदया,

माझ्या वरील पॉलिसीच्या दागिने यादीत अनुक्रमांक २ वर असलेली अंगठी (विमा रक्कम रु. २९,०००) गहाळ झाली आहे. माझे दि. ११/२/२०२५ चे पत्र त्रोटक होते. संपूर्ण माहिती खाली देत आहे. दोन्हींत फरक दिसल्यास हे पत्र ग्राह्य धरावे.

घटना : दि. ७/२/२०२५ रोजी मी नातवासह एसटी बसने जतहून पंढरपूरला जात होते. बोटाला सूज असल्याने बसमध्ये बसल्यावर मी अंगठी काढून रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून बांधली व रुमाल कमरेच्या बटव्यात, म्हणजे माझ्या अंगावरच ठेवला. वाटेत नातवाला उलटी झाल्याने रुमाल बाहेर काढावा लागला. सकाळी सुमारे ९.५० वाजता सांगोला बसस्थानकातील नळावर मी रुमाल धुऊन पिळला. त्यापूर्वी गाठ शाबूत होती. सुमारे १०.१५ वाजता, बस पुढे निघाल्यावर, गाठ सुटलेली व अंगठी नसल्याचे लक्षात आले. मधल्या वेळेत मी रुमाल अन्य कुठे हाताळलेला नाही. त्यामुळे अंगठी नळाजवळ पडली असावी. मी अंगठी पडताना पाहिलेली नाही. माझा कोणावरही संशय नाही.

त्यानंतर केलेले प्रयत्न : वाहकांनी बसमध्ये शोध घेतला. पंढरपूर येथे वाहतूक नियंत्रकांकडे व पोलिसांकडे त्याच दिवशी नोंद केली. परतीच्या प्रवासात दि. ९/२/२०२५ रोजी सांगोला स्थानकावर उतरून चौकशी केली, अंगठी मिळाली नाही.

कळविण्यास विलंब : दि. ८ रोजी एकादशी व दि. ९ रोजी रविवार होता, पॉलिसीचे कागद घरी होते. घरी परतल्यावर दि. १०/२/२०२५ रोजी आपल्या मदत क्रमांकावर दूरध्वनी करून कळविले.

अंगठीचे वर्णन : २२ कॅरेट (९१६), पांढरे खडे. एकूण वजन ४.६२० ग्रॅम, खडे ०.१२० ग्रॅम, निव्वळ सोने ४.५०० ग्रॅम. एचयूआयडी ________. पोलीस नोंदीत एकूण वजन व पॉलिसीत निव्वळ वजन आहे. पहिल्या पत्रातील ‘पाच ग्रॅम’ हा अंदाज होता, तो मी मागे घेते.

किंमत : खरेदीच्या वेळी सोने रु. २५,२००, घडणावळ रु. ३,०२४, जीएसटी व हॉलमार्क शुल्क रु. ९००, एकूण रु. २९,१२४. त्यापैकी रु. २०,००० जुन्या सोन्याच्या मोडीतून व रु. ९,१२४ रोख दिले (त्यात बचत गटाचे कर्ज रु. ९,०००). सोबतच्या दरपत्रकानुसार आज तशाच अंगठीतील सोन्याची किंमत रु. ३५,७३० आहे. पॉलिसीतील विमा रक्कम रु. २९,००० असल्याने, अटीनुसार माझा वाटा रु. ५०० वजा करून रु. २८,५०० मिळावेत. पहिल्या पत्रातील ‘पन्नास हजार’ ही रक्कमही मी मागे घेते.

सोबत जोडलेल्या प्रती : (१) खरेदी पावती, (२) पॉलिसी व दागिने यादीचे पान, (३) BIS Care वरील नोंदीचे छायाचित्र, (४) अंगठी हातात असलेली दोन छायाचित्रे, त्यावरील तारखेसह, (५) एसटी तिकीट, (६) वाहतूक नियंत्रकांच्या नोंदीची प्रत, (७) पोलिसांची गहाळ नोंद, (८) गटाचे इतिवृत्त व खतावणीचे पान, (९) सराफाचे दरपत्रक, (१०) ओळखपत्र व बँक पासबुक. मूळ कागद माझ्याकडे आहेत, तपासणीच्या वेळी दाखवीन.

अंगठीचा रिकामा डबा माझ्याकडे आहे. अंगठीचे शुद्धता प्रमाणपत्र वेगळे मिळालेले नव्हते.

पुढे अंगठी सापडल्यास मी आपणास तात्काळ कळवीन.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाईल)

या पत्रातल्या काही ओळींवर मावशींनी मला अडवलं होतं. ‘पडताना पाहिलेली नाही’ हे कशाला लिहायचं, त्याने दावा कमजोर होईल ना? मला तसं वाटत नाही. सर्व्हेयर हा प्रश्न विचारणारच. पत्रात आधीच लिहिलेलं असेल तर बाकीच्या ओळींवरही त्याचा विश्वास बसतो. ‘अंगावरच ठेवला’ हे शब्द मात्र मुद्दाम घातले. वाजवी काळजी घेतली पाहिजे अशी पॉलिसीची अट असते. अंगठी सीटवरच्या पिशवीत ठेवून खाली उतरलं असतं तर ते उत्तर अवघड झालं असतं.

एसटीचं तिकीट जोडलं, त्याची एक गंमत. आपल्याला अर्धं तिकीट असतं, म्हणून बऱ्याच जणी ते उतरताच टाकून देतात. मशीनच्या त्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, कुठून कुठे, सगळं असतं. पण तो कागद उन्हात, घामात महिन्याभरात पांढरा पडतो. मावशींचं तिकीट बटव्यात वाचलं होतं, आम्ही लगेच त्याचा फोटो काढला.

पावती नसती तर? आधी त्याच सराफाकडे जायचं आणि त्याच्या वहीतून किंवा संगणकातून सही-शिक्क्याची दुसरी प्रत मागायची. दागिना कधी बँकेत गहाण ठेवलेला असेल तर त्या वेळची मूल्यांकनाची चिठ्ठी शोधा. तिच्यात बँकेच्या सराफाने तोलून लिहिलेलं निव्वळ वजन आणि कॅरेट असतं, आणि ते तिऱ्हाईताने लिहिलेलं असल्यामुळे त्याला वजन असतं. आईकडून आलेला दागिना, ना पावती ना चिठ्ठी, अशा वेळी फक्त लग्नातल्या फोटोवर काम भागणं कठीण. असा दागिना विम्यात लिहवतानाच तोलून घ्यावा लागतो.

पत्र देताना मूळ कागद देऊ नका. प्रतींवर स्वतः सही करा, पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. २०२४ च्या विमा नियामकांच्या परिपत्रकानुसार सर्व्हेयरने नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. नुसता उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, असंही नियामकांनी २०११ मध्येच कंपन्यांना कळवलेलं आहे, पण उशिराचं कारण आपण लिहिलेलं हवं. दावा नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नियामकांचा टोल फ्री क्रमांक १५५२५५.

मावशींना तिथवर जावं लागलं नाही. सर्व्हेयर घरी आले, मूळ पावती बघितली, डबा बघितला, रुमालाला गाठ कशी मारली ते मावशींना करून दाखवायला लावलं. १२ मार्चला खात्यात २८,५०० रुपये जमा झाले. आजच्या भावाने तेवढ्यात तशी अंगठी होत नाही. मावशींनी ती केलीही नाही, पैसे बियाण्यासाठी खात्यातच ठेवलेत. पॉलिसीत आता फक्त मंगळसूत्र उरलं आहे. त्याची रक्कम चालू भावाने वाढवायचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात दिला.